लग्नाची गाणी सगळ्यांनी सुचवायची, पण खोडायची कुणी?

आमच्या घरातल्या एका लग्नात गाण्यांची जबाबदारी माझ्याकडे आली. मी एक सामायिक प्लेलिस्ट उघडली, तिची लिंक कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "ज्याला जे हवं ते घाला." तीन दिवसांत 140 गाणी जमली. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर 103. मधली 37 गाणी गेली कुठे, कुणी काढली, काहीच पत्ता लागेना. दोन दिवसांनी उलगडा झाला. चुलत भावाच्या दहा वर्षांच्या मुलाने बाबांचा फोन घेऊन "ही सगळी जुनाट गाणी" साफ केली होती. त्यात आत्याने एकेक आठवून घातलेली सगळीच्या सगळी गेली. मुलाला कुणी रागावलं नाही. आत्या माझ्याशी मात्र आठवडाभर तुटक बोलत होती, आणि तिचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

दोष माझा होता. "गाणं घालू देणं" आणि "गाणं काढू देणं" या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, असं मी गृहीत धरलं होतं. स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिक या दोन्हींवर तसं नाही. तिथे सहभागी झालेला माणूस गाणी घालू शकतो, काढू शकतो आणि वरखालीही करू शकतो. फक्त घालण्यापुरती परवानगी देणारं बटण तिथे नाही. त्यामुळे नियंत्रण हवं असेल तर ते सेटिंगमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही, कामाच्या रचनेतूनच ते आणावं लागतं. पुढची सगळी पद्धत त्या एका गोष्टीवर उभी आहे. मी ती मुख्यतः स्पॉटिफाय धरून सांगतो, कारण माझा हात त्यावर बसलेला आहे. इतर ॲपवर काय वेगळं पडतं ते पुढे येईलच.

दोन याद्या: एक चव्हाट्यावर, एक कुलपात

एकच प्लेलिस्ट करू नका, दोन करा. पहिली सूचनांची. तिच्यात सगळ्यांना प्रवेश, तिथे गोंधळ झाला तरी चालेल. दुसरी अंतिम यादी. स्पीकरवर फक्त हीच वाजणार, आणि तिच्यात हात घालणारी माणसं एक किंवा फार तर दोन. सूचनांच्या यादीतून अंतिम यादीत गाणी न्यायची ती तुम्ही, स्वतःच्या हाताने.

नावं देतानाच फरक दिसू द्या. "लग्न गाणी 1" आणि "लग्न गाणी 2" अशी नावं ठेवलीत तर ऐन वेळी हमखास चुकीची लागते. मी "इथे सुचवा" आणि "वाजवायची – हात लावू नये" अशी ठेवतो. दुसरं नाव जरा उर्मट वाटतं खरं, पण ती यादी तशीही बाहेरच्या कुणाला दिसत नाही.

आता पायऱ्या. ॲपमध्ये `Your Library` मध्ये जाऊन अधिकच्या चिन्हावर टॅप करा, `Playlist` निवडा आणि नाव द्या. प्लेलिस्ट उघडली की नावाच्या खालच्या ओळीत माणसाचं छोटं चित्र आणि त्याला चिकटलेलं अधिक असं चिन्ह दिसतं. ते दाबलं, किंवा तीन ठिपक्यांच्या मेन्यूत जाऊन `Invite collaborators` निवडलं, की आमंत्रणाची लिंक तयार होते. ॲप अपडेट झालं की बटणं इकडची तिकडे होतात. चिन्ह जागेवर नसेल तर तीन ठिपके उघडून पाहा, बहुतेकदा तिथेच सापडतं.

ही लिंक 7 दिवसांनी निकामी होते. बऱ्याच जणांना ते माहीत नसतं, आणि आठव्या दिवशी "तुझी लिंक उघडतच नाही" असे फोन सुरू होतात. मला स्वतःला ही मर्यादा सोयीचीच वाटते, कारण त्यामुळे मुदत आपोआप पाळली जाते. कुणी राहूनच गेलं तर नवी लिंक काढून फक्त त्याला पाठवायची, पुन्हा अख्ख्या ग्रुपवर टाकायची नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. लिंक ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो. तुम्ही ती मावशीला पाठवली आणि मावशीने हौसेने तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर ढकलली, तर त्या सगळ्या जणी तुमच्या यादीच्या सहभागी.

अंतिम यादी याच रीतीने करायची, फक्त लिंक काढायचीच नाही. तीन ठिपक्यांमधून ती `Make private` करून ठेवा. सोबतीला एखादा विश्वासू माणूस हवा असेल तर लिंक फक्त त्याला पाठवा, आणि तो आत आला की पुढे कुणाला पाठवू नकोस असं स्पष्ट सांगा. दोनापेक्षा जास्त माणसं नकोत. तिसरा आला की मतं मोजायची वेळ येते.

लिंकसोबत काय लिहायचं

"ज्याला जे हवं ते घाला" हे वाक्य माझं मलाच नडलं. लोकांना मोकळीक नको असते असं नाही, पण मर्यादा सांगितली की ते विचार करून निवडतात. हल्ली मी साधारण असा निरोप पाठवतो:

"गाण्यांची यादी करतोय. प्रत्येकाने तीन गाणी घालावीत. एक असं की ज्यावर तुम्ही नाचायला उठालच, एक जेवताना ऐकायला आणि एक तुमच्या आवडीचं, कसलंही. दुसऱ्याचं गाणं कृपया काढू नका, पटलं नाही तर मला वेगळं कळवा. रविवारी रात्री यादी बंद होईल. सगळीच गाणी वाजतील असं नाही, पण प्रत्येकाचं निदान एक नक्की वाजेल. ज्यांच्याकडे ॲप नाही त्यांनी गाण्याचे पहिले शब्द मला लिहून पाठवा."

यातलं शेवटून दुसरं वाक्य सर्वांत कामाचं. निदान एक गाणं वाजणार हे वचन आधी दिलेलं असलं की बाकीची दोन गळली तरी कुणी रुसत नाही. पण मग ते पाळावं लागतं, त्यासाठी कोणी काय सुचवलं याचा हिशेब ठेवावा लागतो. तो कसा, ते पुढे सांगतो.

ज्यांच्याकडे ॲप नाही किंवा ज्यांना ते वापरायचं नाही, अशी माणसं प्रत्येक घरात असतात आणि बहुतेकदा ती वयाने मोठी असतात. त्यांची गाणी तुम्हीच यादीत घालणार, म्हणजे यादीत त्या गाण्यांपुढे नाव तुमचं दिसणार. एका कागदावर "आजोबा – तीन, मोठी काकू – दोन" अशी नोंद ठेवा. ही नोंद केली नाही तर छाटणीच्या वेळी "ही माझीच आहेत, काढली तरी चालतील" असं वाटून नेमकी त्यांचीच गाणी उडतात. शिवाय गाण्याचे पहिले शब्द कळले तरी आवृत्त्या दहा निघतात. मूळ गायकाचं गाणं, नंतर कुणी नव्याने गायलेलं, आणि कराओकेसाठीचं नुसतं वाद्यसंगीत, ही तिन्ही शोधात एकाखाली एक दिसतात. म्हणून गाणं घालण्यापूर्वी पंधरा सेकंद ऐका. आजोबांना हवं ते गाणं लागलं आणि त्यात आवाजच नाही, असं झालेलं मी पाहिलंय.

रोज एक प्रत काढून ठेवा

यादी खुली असते त्या आठवड्यात गाणी गायब होण्याचा धोका खरा असतो. आणि काढलेल्या गाण्यांची नोंद स्पॉटिफाय दाखवत नाही. अख्खी प्लेलिस्टच मालकाच्या खात्यावरून चुकून डिलीट झाली तर त्याला ती आपल्या खात्याच्या वेबपानावरून `Recover playlists` मध्ये जाऊन 90 दिवसांपर्यंत परत आणता येते. पण यादी जागच्या जागी असताना तिच्यातली गाणी कुणी काढली, तर या सोयीचा काडीचाही उपयोग नाही.

उपाय फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटाचा आहे. कॉम्प्युटरवर स्पॉटिफायचं डेस्कटॉप ॲप उघडा. ब्राउझरमधलं नव्हे, वेगळं बसवलेलं. सूचनांची यादी उघडून कुठल्याही एका गाण्यावर क्लिक करा, मग `Ctrl+A` आणि `Ctrl+C`. मॅकवर `Ctrl` ऐवजी `Cmd`. आता एखादी साधी मजकूर फाइल उघडून `Ctrl+V` करा. प्रत्येक गाण्याची एक ओळ अशी उमटते:

```
https://open.spotify.com/track/...
```

फाइलला तारखेचं नाव द्या आणि ठेवून द्या. उद्या 37 गाणी गेली तर फाइलमधल्या ओळी कॉपी करून डेस्कटॉप ॲपमध्ये उघडलेल्या प्लेलिस्टवर पुन्हा `Ctrl+V` केलं की गाणी परत येतात. फक्त एक आहे. अशी परत आणलेली गाणी तुमच्या नावावर पडतात, ती मूळ कोणी घातली होती हे पुसलं जातं. म्हणून दर दोन दिवसांनी पडद्याचा एक फोटोही काढून ठेवतो मी. डेस्कटॉपवर सामायिक प्लेलिस्टमध्ये प्रत्येक गाण्यापुढे `Added by` हा रकाना असतो आणि त्यात घालणाऱ्याचं नाव येतं. प्रत्येकाचं निदान एक गाणं वाजवायचं वचन पाळायला लागणारा हिशेब तो हाच.

या नावांचीही एक गंमत आहे. लोक खातं उघडताना काहीही नाव देतात, काहींच्या नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे असतात. "हा कोण?" असं पहिल्याच दिवशी ग्रुपवर विचारून घ्या. शेवटच्या रात्री विचारायला गेलात तर उत्तर द्यायला कुणी जागं नसतं.

कुणाला बाहेर काढायचं झालं तर

प्लेलिस्टच्या नावाखाली सहभागी लोकांची छोटी चित्रं दिसतात. त्यांवर टॅप केलं की यादी उघडते. नावापुढचे तीन ठिपके दाबून `Remove as collaborator` निवडलं की त्या माणसाचा हक्क जातो, पण त्याने घातलेली गाणी यादीत तशीच राहतात. ती नको असतील तर तुम्हाला वेगळी काढावी लागतात.

यात एक फट आहे. लिंक अजून चालू असेल तर काढलेला माणूस त्याच लिंकवरून पुन्हा आत येऊ शकतो असं धरून चाला. त्यामुळे कुणाला खरोखर थांबवायचं असेल तर मुदतीपर्यंत न थांबता त्याच वेळी सूचना गोळा करणं बंद करा. सगळ्या सहभागींना काढा आणि गाणी नव्या प्लेलिस्टमध्ये कॉपी करून पुढचं काम तिथून चालवा. जुनी यादी पडून राहू दे. तिच्यात कुणी काही केलं तरी आता फरक पडत नाही.

पण माझा अनुभव सांगतो, बहुतेक वेळा बाहेर काढायची गरज पडत नाही. फोन करून "अरे, अंतिम यादी वेगळी आहे, इथे काढून काही होणार नाही" एवढं सांगितलं की उत्साह आपोआप उतरतो.

छाटणी: 96 गाण्यांची 64 कशी झाली

मध्यंतरी एका घरगुती समारंभाचं काम केलं, त्याचा हिशेब मांडतो. संगीत लागणार होतं 3 तास 45 मिनिटं. पाहुणे येताना 60 मिनिटं, जेवणाच्या वेळी 75 आणि नाचाला 90. एक गाणं सरासरी 4 मिनिटांचं धरलं तर पहिल्या भागाला 15, दुसऱ्याला 19 आणि तिसऱ्याला 23 गाणी, म्हणजे एकूण 57. कार्यक्रम वेळेवर संपत नाही, म्हणून नाचाच्या भागात 7 गाणी जास्त धरली. झाली 64.

सुचवणारी माणसं होती 32 आणि आली 96 गाणी, म्हणजे बरोबर तीन-तीन. इतकं नेमकं क्वचितच जमतं. त्यात 11 गाणी दोनदा आली होती, कारण एकच गाणं वेगवेगळ्या अल्बममधून घातलेलं असलं की ॲपला ती दोन वेगळी गाणी वाटतात, "आधीच आहे" असा इशारा तो देत नाही. ती काढली की उरली 85. मग प्रत्येक सुचवणाऱ्याचं एक गाणं आधी उचललं. 32 माणसं असली तरी गाणी 27 झाली, कारण पाच ठिकाणी दोघांची आवड एकच निघाली. अशी दुहेरी आवडीची गाणी मी नाचाच्या भागाच्या सुरुवातीला ठेवतो. निदान दोन माणसं तरी लगेच उठतात, आणि एकदा दोन उठली की पुढचं सोपं.

उरलेल्या 58 मधून 37 निवडायची होती. इथे माझी आवडनिवड चालली, ते मी लपवत नाही. सहा मिनिटांपेक्षा मोठी गाणी नाचाच्या भागातून काढली. कारण साडेचार मिनिटांनंतर लोक दमतात, मंच रिकामा होतो आणि मग पुढच्या गाण्याला नव्याने गर्दी जमवावी लागते. विरहाची दोन गाणी जेवणाच्या भागातही नको वाटली. ती सुचवणाऱ्या काकांची माफी मागून, त्यांचं तिसरं गाणं घेतलं.

शब्दांची काळजीही याच टप्प्यावर घ्यायची. स्पॉटिफायवर आक्षेपार्ह शब्द असलेल्या गाण्यापुढे `E` असं अक्षर येतं, आणि सेटिंगमध्ये अशी गाणी अडवायचीही सोय आहे. पण ती खूण गाणं प्रसिद्ध करणाऱ्यांनी लावलेली असेल तरच दिसते. घरातली लहान मुलं आणि वडीलधारी माणसं एकाच खोलीत असतील, तर तुम्हाला ठाऊक नसलेलं प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐका. नुसती सुरुवात ऐकून फसायला होतं. भानगड बहुधा दुसऱ्या कडव्यात असते.

तीन भागांसाठी तीन वेगळ्या प्लेलिस्ट ठेवल्या तर फार बरं. जेवण लांबलं तर दुसरी यादी पुन्हा लावता येते आणि नाचाची यादी हाताळावी लागत नाही. एकाच लांबलचक यादीत 35 व्या गाण्याला नाच सुरू होणार असं ठरवलं आणि पाहुणे अर्धा तास उशिरा आले, की सगळं गणित सरकतं.

दुसरं ॲप वापरत असाल तर

ॲपल म्युझिकवर सामायिक प्लेलिस्टची सोय 2024 च्या जानेवारीत `iOS 17.3` सोबत आली. प्लेलिस्ट उघडून सहभागाचं चिन्ह दाबलं की सुरुवातीलाच `Approve Collaborators` असा पर्याय दिसतो. तो चालू ठेवाच. मग लिंक कुणाच्याही हाती पडली तरी आत घेण्यापूर्वी तुमची मंजुरी लागते. मावशीच्या मैत्रिणींचा प्रश्न इथे मुळातच सुटतो, आणि या एका बाबतीत ही सोय मला जास्त आवडते. मात्र एकदा आत घेतलेला माणूस इथेही गाणी काढू शकतो, म्हणून दोन याद्यांची पद्धत सोडायची नाही. अडचण अशी की सहभागी होणाऱ्या प्रत्येकाकडे ॲपल म्युझिकचं सदस्यत्व लागतं. मोठ्या कुटुंबात ते जमणं कठीण.

यूट्यूबवर प्लेलिस्टच्या मेन्यूत `Collaborate` असतं. तिथे सहभागींना व्हिडिओ घालू द्यायचे का आणि नवीन सहभागी घ्यायचे का, असे दोन वेगळे खटके आहेत. मुदत संपली की `Allow new collaborators` बंद करायचं. फायदा असा की बहुतेक प्रत्येकाकडे गूगलचं खातं असतंच. तोटा असा की लोक गाण्याऐवजी कुठल्यातरी कार्यक्रमाची चित्रफीत घालतात आणि तिच्या सुरुवातीला दोन मिनिटं निवेदन असतं. त्यामुळे सूचना गोळा करायला यूट्यूब चांगलं, वाजवायला नको.

नातलग वेगवेगळी ॲपं वापरत असतील तर सगळ्यांना एका ॲपवर ओढू नका. सूचना ज्याला जिथे सोयीचं तिथे किंवा नुसत्या निरोपात घ्या, आणि अंतिम यादी एकाच ठिकाणी करा.

त्या दिवशी यादी हातातून निसटते ती अशी

सगळं नीट करूनही कार्यक्रमाच्या दिवशी चार गोष्टी घात करतात, आणि त्यांचा सहभागींच्या परवानग्यांशी काही संबंध नसतो.

पहिली गोष्ट, खातं. स्पॉटिफायचं एक वैयक्तिक खातं एका वेळी एकाच ठिकाणी ऑनलाइन वाजतं. हॉलमध्ये तुमच्या खात्यावरून गाणी चालू आहेत आणि घरी राहिलेल्या भाच्याने त्याच खात्यावर स्वतःचं काहीतरी लावलं, तर इकडे भर नाचात शांतता पसरते. कुणाला कारण कळत नाही, सगळे स्पीकरची वायर हलवत बसतात. ओळखायची खूण अशी: वायर सैल असेल तर पडद्यावर गाण्याची वेळ पुढे सरकत राहते. खातं दुसरीकडे वाजत असेल तर गाणं थांबलेलं दिसतं आणि खाली दुसऱ्याच उपकरणाचं नाव झळकतं. उपाय एकच. तिन्ही याद्या आदल्या दिवशी डाउनलोड करा आणि कार्यक्रमाच्या वेळी सेटिंगमधून `Offline mode` चालू करा. मग घरी भाचा काहीही लावो, इकडे फरक पडत नाही. डाउनलोडसाठी प्रीमियम लागतं. ते नसेल तर एका महिन्यापुरतं घ्या किंवा ज्याच्याकडे आहे त्याचा फोन मागा. मोफत खात्यावर मधूनमधून जाहिराती लागतात, आणि लग्नात तर ते फारच केविलवाणं वाटतं.

दुसरी गोष्ट, यादीत नसलेली गाणी. `Smart Shuffle` चालू राहिलं तर ॲप तुमच्या गाण्यांच्या मधे स्वतःच्या शिफारशी पेरतं. `Autoplay` चालू असेल तर यादी संपल्यावर त्याला योग्य वाटतील ती गाणी सुरू होतात. आठवडाभर कुणाकुणाला आवर घालून यादी केली आणि शेवटी ॲपनेच तिच्यात भर घातली, असं व्हायला नको. दोन्ही बंद करा. साधं शफलही बंद ठेवा, नाहीतर भागाभागांची रचना वाया गेली.

तिसरी गोष्ट, फोन. ज्याच्या फोनवरून गाणी वाजतात त्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त कॉल येतात, कारण बाकीचं सगळंही तोच बघत असतो. वाजवायला वेगळा, जुना फोन घ्या. तो विमान मोडवर टाका आणि शक्यतो वायरने जोडा. ब्लूटूथ वापरायचंच असेल तर विमान मोड लावल्यावर फक्त ब्लूटूथ पुन्हा चालू करा.

चौथी गोष्ट म्हणजे त्या फोनपाशी येणारी माणसं. "जरा एक गाणं लावतो" म्हणत प्रत्येक जण येतोच, आणि लॉक न केलेला फोन म्हणजे सगळ्यात मोठी खुली लिंक. फोन लॉक ठेवा आणि पासवर्ड फक्त दोघांना द्या. आयत्या वेळच्या फर्माइशींसाठी टेबलावर कागद आणि पेन ठेवा. मी तसं करतो. पाचपैकी एखादी फर्माइश नक्की घेतो, बाकीच्यांना "रांगेत आहे" म्हणतो. ऐकून घेतलं गेलं एवढंच बहुतेकांना हवं असतं.

लग्नाऐवजी घरात पंधरा-वीस जण जमणार असतील तर एवढा खटाटोप नको. तिथे स्पॉटिफायचं `Jam` चालेल. प्रीमियम असलेला एक जण ते सुरू करतो, एका वेळी 32 जण जोडले जातात आणि प्रत्येक जण आपल्या फोनवरून रांगेत गाणी घालतो. यजमानाला रांगेतली गाणी काढता येतात आणि कुणाला बाहेरही करता येतं. पण ते ऑनलाइन चालतं, नेट गेलं की खेळ संपला. नाचाच्या मुख्य स्पीकरवर ते लावायचं धाडस मी केलेलं नाही.

समारंभानंतर "इथे सुचवा" ही यादी डिलीट करू नका. सहभागींना काढून ती तशीच ठेवा आणि वाजलेल्या गाण्यांच्या तिन्ही याद्यांच्या साध्या लिंक ग्रुपवर पाठवा, आमंत्रणाच्या नव्हेत. त्याआधी खासगी केलेल्या याद्या पुन्हा सार्वजनिक करा, नाहीतर लिंक कुणालाच उघडणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निदान चार जण विचारतात, "ते जेवताना लागलेलं गाणं कोणतं होतं रे?" आमच्या आत्याने विचारलेलं गाणं तिचं स्वतःचंच निघालं होतं, मी फाइलमधून परत आणलेलं.